विश्लेषण : ‘आजचा प्रश्न’ नेमके काय शिकवतो?

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या श्यामनगर परिसरात सकाळी क्लासला निघालेल्या विद्यार्थ्याच्या हातातला मोबाइल वाजतो आणि पडद्यावर ‘आजचा प्रश्न’ येतो. खाली चार पर्याय असतात. तो एकावर बोट ठेवतो, हिरवी किंवा लाल खूण उमटते आणि तो पुढे सरकतो. नीट, एमपीएससी, तलाठी भरती, पोलीस भरती अशा प्रत्येक परीक्षेसाठी असे ग्रुप आणि चॅनेल आहेत. दिवसाला चाळीस-पन्नास प्रश्न सोडवणारे विद्यार्थीही कमी नाहीत. पण त्या हिरव्या-लाल खुणेतून हाती काय लागते? प्रश्न टाकणे सोपे आहे. प्रश्नातून शिकवणे हे वेगळे काम आहे आणि या दोन्हींतला फरक बहुतेक वेळा योग्य उत्तरात नसतो. तो चुकीच्या तीन पर्यायांत आणि उत्तराखालच्या चार ओळींत असतो.

‘लातूर पॅटर्न’शी याचे नाते काय?

‘लातूर पॅटर्न’ हे नाव बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांमुळे राज्यभर गेले. पुढे वैद्यकीय प्रवेशांमुळे ते टिकले आणि नांदेडनेही तोच रस्ता धरला. या पद्धतीचा गाभा साधा होता. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, प्रश्नसंच सोडवून घ्यायचे, चाचण्यांमागून चाचण्या घ्यायच्या आणि तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हातात परत द्यायची. कुठे चुकले, का चुकले हे शिक्षक समोर बसवून सांगत. नंतर तोच घटक पुन्हा चाचणीत येई.

मोबाइलवरच्या प्रश्नाने या साखळीतली पहिली कडी उचलली, म्हणजे प्रश्न विचारणे. शेवटची कडी बहुतेक ठिकाणी मागेच राहिली. उत्तरपत्रिका परत मिळत नाही, मिळतो तो फक्त ‘उत्तर : ब’ एवढा निकाल. औसा, उदगीर, मुखेड किंवा किनवटच्या ज्या विद्यार्थ्याला शहरातल्या क्लासची फी आणि खोलीचे भाडे परवडत नाही, त्याच्यासाठी हा मोफत प्रश्नच शिक्षक असतो. म्हणून तो कसा तयार होतो, हे पाहणे गरजेचे आहे.

आधी उत्तर देण्याचा आग्रह कशासाठी?

प्रश्न वाचून लगेच उत्तर पाहणे आणि आधी स्वतः उत्तर देऊन मग पाहणे, या दोन गोष्टी वरवर सारख्या वाटतात. त्यांचा परिणाम मात्र वेगळा होतो. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातले हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये याबाबतचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा एकदा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. त्यांना सुमारे ८१ टक्के मजकूर आठवला, तर लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्याने चित्र उलटे झाले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के.

परीक्षा पाच मिनिटांनी नसते, महिन्यांनी असते. म्हणून डोक्याला ताण देऊन आठवण्याचा क्षण हाच प्रश्नाचा खरा उपयोग आहे. नेमका तोच क्षण अनेक ग्रुपमध्ये हरवतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये प्रश्न पडला की पहिल्या मिनिटाला कुणीतरी ‘क’ लिहितो आणि त्याखाली ‘क’ची रांग लागते. रांगेतल्या किती जणांनी विचार केला आणि किती जणांनी वरचे उत्तर पाहिले, हे सांगता येत नाही. टेलिग्रामच्या क्विझ प्रकारात उत्तर नोंदवल्याशिवाय इतरांची टक्केवारी दिसत नाही आणि एकदा दिलेले उत्तर बदलता येत नाही. त्यामुळे तिथे विचार करणे भाग पडते. व्हॉट्सॲपवरच काम करायचे असेल तर उत्तरे ग्रुपमध्ये न मागता प्रत्येकाने वहीत लिहावीत आणि स्पष्टीकरण संध्याकाळी यावे, हा साधा उपाय आहे. सकाळचा प्रश्न दिवसभर डोक्यात राहतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

चुकीचे पर्याय कसे निवडावेत?

एक प्रश्न घेऊन पाहू. मराठवाड्यातल्या कोणत्याही स्पर्धा परीक्षेच्या ग्रुपवर तो दर सप्टेंबरमध्ये हमखास येतो : ‘हैदराबाद संस्थान भारतात कधी विलीन झाले?’ पर्याय अनेकदा असे असतात : १५ सप्टेंबर १९४८, १६ सप्टेंबर १९४८, १७ सप्टेंबर १९४८ आणि १८ सप्टेंबर १९४८. हा प्रश्न फक्त पाठांतर तपासतो. ज्याचे उत्तर चुकले त्याला एक तारीख कळली, एवढेच. तो का चुकला, हे त्यालाही कळत नाही आणि विचारणाऱ्यालाही नाही.

आता पर्याय बदलू : १५ ऑगस्ट १९४७, १७ सप्टेंबर १९४८, २६ जानेवारी १९५० आणि १ नोव्हेंबर १९५६. यातली प्रत्येक तारीख खरी आहे आणि प्रत्येकीमागे मराठवाड्याच्या इतिहासातला एक टप्पा आहे. पहिला पर्याय निवडणाऱ्याला वाटते की देश स्वतंत्र झाला तेव्हा मराठवाडाही स्वतंत्र झाला. त्याला सांगायला हवे की निझाम मीर उस्मान अली खान याने तेव्हा भारतात येण्यास नकार दिला होता आणि नोव्हेंबर १९४७ मध्ये फक्त ‘जैसे थे’ करार झाला होता. चौथा पर्याय निवडणारा राज्य पुनर्रचनेत गोंधळला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विभागले गेले आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तिथून १ मे १९६० रोजी तो महाराष्ट्राचा भाग झाला. म्हणजे चुकीचे उत्तर देणाराही एक टप्पा शिकून जातो. चार पर्याय मिळून अर्धा धडा होतो.

तिसऱ्या पर्यायाशी मात्र प्रश्नकर्त्यालाच थांबावे लागते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी ‘ऑपरेशन पोलो’ सुरू झाले आणि १७ सप्टेंबरला निझामाने शरणागती जाहीर केली. म्हणूनच हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. पण भारताची राज्यघटना हैदराबादला लागू असल्याचे निझामाने नोव्हेंबर १९४९ मध्ये मान्य केले आणि २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद भारतीय संघराज्यातले ‘ब’ वर्गाचे राज्य झाले. मग ‘विलीन’ कधी झाले म्हणायचे? घटनेच्या अंगाने पाहणारा अभ्यासू विद्यार्थी २६ जानेवारी १९५० निवडू शकतो आणि त्याला सरळ चूक ठरवणे अन्यायाचे होईल. प्रश्न असा हवा होता : ‘निझामाने शरणागती कोणत्या दिवशी जाहीर केली?’ एक शब्द बदलला की वाद संपतो. प्रश्न टाकण्याआधी चारही पर्याय ‘हे कुणी बरोबर ठरवू शकेल का?’ या नजरेने तपासायचे, ते याचसाठी.

याच धाग्यावर दुसऱ्या दिवशी पुढचा प्रश्न टाकता येतो : ‘१९४८ मध्ये लातूर कोणत्या जिल्ह्यात होते?’ उत्तर उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. सुटे पन्नास प्रश्न आणि एकाला एक जोडलेले पाच प्रश्न यांत दुसऱ्याचे वजन जास्त असते, ते असे.

स्पष्टीकरण नसले तर बिघडते काय?

बहुपर्यायी प्रश्नाचा एक धोका कमी लोकांच्या लक्षात येतो. चार पर्यायांपैकी तीन चुकीचे असतात आणि विद्यार्थी तेही लक्षपूर्वक वाचतो. आपण निवडलेला चुकीचा पर्याय पुढे खरी माहिती म्हणून डोक्यात बसू शकतो, असे रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांना २००५ मधल्या अभ्यासात दिसले. योग्य उत्तर लगेच किंवा थोड्या वेळाने सांगितले तर हा परिणाम कमी होतो, हे पुढे अँड्र्यू बटलर आणि रोडिगर यांनी २००८ मध्ये दाखवले. थोडक्यात, उत्तर न सांगता सोडून दिलेला प्रश्न निरुपद्रवी नसतो. तो चूक शिकवू शकतो. ‘उत्तर उद्या’ म्हणून दुसऱ्या दिवशी विसरून जाणारे चॅनेल नकळत हेच करतात.

स्पष्टीकरण म्हणजे निबंध नव्हे. टेलिग्रामच्या क्विझमध्ये स्पष्टीकरणाला दोनशे अक्षरांचीच जागा मिळते. तीही पुरते, पण काय लिहायचे हे ठरलेले हवे. योग्य उत्तर का बरोबर आहे हे एका वाक्यात, सर्वांत जास्त निवडला गेलेला चुकीचा पर्याय का चूक आहे हे दुसऱ्या वाक्यात, आणि हे कुठून घेतले ते तिसऱ्यात. टक्केवारी समोर दिसत असतेच. शंभरातल्या पन्नास जणांनी एकच चुकीचा पर्याय निवडला असेल, तर प्रश्न तरी सदोष आहे किंवा पन्नास जणांचा एकच गैरसमज आहे. दोन्ही शक्यतांत पुढचा प्रश्न कुठला असावा, ते ही टक्केवारीच सांगते.

संदर्भ कशाला? ‘नीट’च्या एका प्रश्नाने काय दाखवले?

तिसरे वाक्य, म्हणजे संदर्भ, सर्वांत आधी गाळले जाते. ते किती महाग पडू शकते, हे २०२४ च्या ‘नीट’मध्ये दिसले. भौतिकशास्त्रातल्या एका प्रश्नात दोन विधाने होती. पहिले असे, की अणूमध्ये धन आणि ऋण प्रभार समान असल्याने तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसरे असे, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि ते आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. दोन्हींपैकी काय बरोबर, ते निवडायचे होते.

विज्ञानाच्या अंगाने उत्तर स्पष्ट आहे. पहिले विधान बरोबर आणि दुसरे चूक. युरेनियम, रेडियम यांसारख्या किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, त्यामुळे ‘प्रत्येक मूलद्रव्याचे’ हा शब्दप्रयोगच दुसऱ्या विधानाला चूक ठरवतो. पण बारावीच्या ‘एनसीईआरटी’च्या जुन्या पुस्तकात नेमके तसेच, प्रत्येक मूलद्रव्याबद्दल, लिहिलेले होते. नव्या आवृत्तीत ते ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ असे सुधारले गेले. मोठ्या भावाचे किंवा रद्दीतून आणलेले जुने पुस्तक वापरणाऱ्याने ‘दोन्ही बरोबर’ लिहिले, नवे पुस्तक वापरणाऱ्याने ‘फक्त पहिले’. परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा संस्थेने दोन्ही उत्तरांना गुण दिले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २२ जुलै २०२४ रोजी दिल्ली आयआयटीच्या तीन तज्ज्ञांकडून मत मागवले. एकच उत्तर बरोबर, असे मत आले आणि दुसऱ्या दिवशी न्यायालयाने त्यानुसार निकाल सुधारण्यास सांगितले. जुन्या पुस्तकावर विसंबलेल्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण गेले. मिळालेले चार परत घेतले गेले आणि चुकीच्या उत्तराचा एक वजा झाला. आधीच्या निकालात पैकीच्या पैकी गुण मिळालेले ६७ जण होते. त्यांतल्या ४४ जणांचे पूर्ण गुण याच प्रश्नामुळे होते. अंतिम निकालात अव्वल ठरलेले १७ उरले.

‘नीट’मध्ये पाच गुणांनी क्रमांक हजारोंनी मागे जातो. लातूर-नांदेडच्या विद्यार्थ्याला यातून घ्यायचा धडा वादाचा नाही, सवयीचा आहे. रोज सोडवलेल्या प्रश्नाखाली ‘बारावी भौतिकशास्त्र, एनसीईआरटी, अमुक आवृत्ती, अमुक प्रकरण’ एवढे लिहिलेले असेल, तर शंका आली की पान उघडून पाहता येते. एमपीएससीतही हेच चालते. आयोग पहिली उत्तरतालिका जाहीर करतो, उमेदवारांकडून हरकती मागवतो आणि मगच अंतिम उत्तरतालिका येते. हरकतीसोबत पुरावा द्यावा लागतो. ‘एका चॅनेलवर वाचले होते’ हा पुरावा नव्हे. ज्या प्रश्नाला संदर्भ नाही, तो सोडवून मिळालेली माहिती परीक्षेच्या दिवशी सिद्ध करता येत नाही.

उत्तर द्यायला विद्यार्थी का कचरतो?

ग्रुपमध्ये पाचशे जण असतात आणि उत्तर देणारे तीस. बाकीचे चुकण्याच्या संकोचाने गप्प बसतात. त्यातही खेड्यातून आलेला, मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी जास्त गप्प असतो. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे, तोच उत्तर देत नाही. नाव न दिसणारी मतनोंदणी हा त्यावरचा पहिला उपाय. दुसरा उपाय आणखी सोपा आहे : चार पर्यायांखाली ‘माहीत नाही’ हा पाचवा पर्याय ठेवणे.

या पाचव्या पर्यायाचा हिशेब ऋण गुणांशी जोडलेला आहे. ‘नीट’मध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक गुण जातो. काहीच माहीत नसताना चार प्रश्नांवर अंदाज लावला, तर सरासरीने एक बरोबर येईल आणि तीन चुकतील. चार वजा तीन, म्हणजे चार प्रश्नांत मिळून एक गुण. वेळ आणि नशीब धरले तर हा फायदा नगण्य आहे. पण चारांपैकी दोन पर्याय खात्रीने चूक आहेत हे कळले, तर दोन प्रश्नांत एक बरोबर, एक चूक : चार वजा एक, म्हणजे तीन गुण. फरक पडतो तो पर्याय कापण्याने. त्यामुळे ‘उत्तर आले का?’ यापेक्षा ‘किती पर्याय खात्रीने कापता आले?’ हा सरावाचा खरा प्रश्न आहे. जो विद्यार्थी प्रामाणिकपणे ‘माहीत नाही’ निवडतो, त्याला आपल्या अंदाजातले आणि ज्ञानातले अंतर कळते. अंदाजाने आलेली हिरवी खूण ते अंतर लपवते.

चांगला ग्रुप ओळखायचा कसा?

विद्यार्थ्याला किंवा पालकाला ग्रुपची पारख करायला फार वेळ लागत नाही. मागच्या आठवड्यातले दहा प्रश्न उघडावेत. किती प्रश्नांखाली स्पष्टीकरण आहे, किती स्पष्टीकरणांत चुकीच्या पर्यायाबद्दल एक वाक्य आहे आणि कितींना पुस्तक-प्रकरणाचा संदर्भ आहे, ते मोजावे. एखादे उत्तर चुकल्याचे सदस्याने दाखवले, तर चालकाने ते उघडपणे दुरुस्त केले की संदेश गुपचूप पुसला, हेही पाहावे. दुरुस्ती दिसणारा ग्रुप विश्वासाचा असतो. शेवटी, आठवड्यापूर्वीचा घटक वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला जातो का, हे पाहावे. तोच प्रश्न जसाच्या तसा आला तर विद्यार्थी ‘ब’ हे अक्षर ओळखतो. फिरवून आला तर त्याला विषय आठवावा लागतो. आणि ‘फुटलेला पेपर’ किंवा ‘शंभर टक्के येणारे प्रश्न’ विकणारा ग्रुप दिसला, की तिथून बाहेर पडणे हे एकच काम उरते.

या पद्धतीची मर्यादाही मान्य करायला हवी. बहुपर्यायी प्रश्न ओळखण्याची ताकद वाढवतो, मांडण्याची नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. तिथे चार पर्याय समोर नसतील. १७ सप्टेंबर ही तारीख ओळखता येणे वेगळे आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालचा हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा दीडशे शब्दांत मांडता येणे वेगळे. मुख्य परीक्षेची तयारी करणाऱ्याने आठवड्यातला एक तरी प्रश्न पर्याय झाकून सोडवावा आणि उत्तर वहीत स्वतःच्या शब्दांत लिहावे.

‘लातूर पॅटर्न’मध्ये चाचण्यांची संख्या सर्वांना दिसली. तपासून परत मिळालेल्या उत्तरपत्रिकेवरची लाल शाई कमी जणांना दिसली. मोबाइलवरच्या प्रश्नाखालचे स्पष्टीकरण म्हणजे तीच शाई. दिवसाला पन्नास प्रश्न टाकणाऱ्या ग्रुपचालकांनी ते दहावर आणावेत आणि वाचलेला वेळ त्या दहांच्या स्पष्टीकरणाला द्यावा. विद्यार्थ्यांनीही लाल खूण दिसली की पुढे न सरकता मिनिटभर थांबून आपण तो पर्याय का निवडला, ते वहीत लिहावे. परीक्षेच्या आदल्या रात्री हिरव्या खुणांची संख्या कामी येत नाही. ती वही येते.